तळघराखालचं तळघर

‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाचं कलादिग्दर्शन ली हा-जून यांचं. दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी पटकथेसोबत श्रीमंताच्या घराचा एक कच्चा आराखडाही त्यांच्या हाती ठेवला होता. ली यांनी तो वास्तुविशारदांना दाखवला, तर त्यांनी हसण्यावारी नेला. असं घर कुणी शहाणा माणूस बांधणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

त्यांचंही चुकलं नव्हतं. घर आखणारा माणूस हवा कुठून येईल, स्वयंपाकघर जेवणाच्या टेबलापासून किती लांब असेल, असा विचार करतो. बाँग यांचे प्रश्न वेगळेच होते. हॉलमधलं बोलणं कुणाला तरी आडून ऐकू यायला हवं, पण ऐकणारा दिसता कामा नये. वरच्या मजल्यावरून एखादी व्यक्ती अचानक खाली आली, तर स्वयंपाकघरातल्या माणसाला लपायला दोन क्षण मिळायला हवेत, त्याहून जास्त नकोत. माणसं कुठून येणार, कुठे थबकणार, कोण कुणाला पाहणार, हे पटकथेत आधीच ठरलं होतं. भिंती आणि जिने त्या हालचालींभोवती नंतर उभे राहिले. चित्रपटात हे घर नामगुंग ह्योन-जा नावाच्या नामवंत वास्तुविशारदाने स्वतःसाठी बांधलेलं आहे, असं सांगितलं जातं. ते पाहून अनेक प्रेक्षकांना वाटलं, की सोलमधला कुणाचा तरी खराखुरा बंगला भाड्याने घेतला असावा. पण वास्तुविशारद काल्पनिक आणि घरही काल्पनिकच. तळमजला आणि बाग जेओनजू शहरातल्या मोकळ्या जागेवर उभारली होती, वरच्या मजल्याच्या खोल्या स्टुडिओत होत्या, आणि बागेतून दिसणारा वरचा मजला संगणकावर चढवलेला होता.

2019 साली या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही त्याने पटकावलं. इंग्रजी नसलेल्या भाषेतल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याची गोष्ट एव्हाना बहुतेकांना ठाऊक आहे. बेकार किम कुटुंबातले चौघे एकमेकांशी ओळखच नसल्याचं सोंग करून एकेक करत पार्क या धनाढ्य कुटुंबात नोकरीला चिकटतात. मुलगा शिकवणी घेतो, मुलगी चित्रकलेतून उपचार करणारी बाई बनते, बाप ड्रायव्हर आणि आई घरकाम सांभाळणारी. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं. जिन्यांविषयी बोलायचं, तर गुपित फोडल्याशिवाय गत्यंतर नाही.

किम कुटुंब राहतं ते घर रस्त्याच्या पातळीखाली अर्धं गाडलेलं आहे. अशा घराला कोरियात ‘बांजिहा’ म्हणतात. छताला लागून एक आडवी खिडकी, आणि तिच्या बाहेर थेट रस्ता. आतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय, गाड्यांची चाकं आणि खिडकीशीच लघवीला उभा राहणारा दारुडा. गल्लीत डासांसाठी धूर मारायला माणूस येतो, तेव्हा बाप की-टेक खिडकी बंद करू देत नाही. फुकटात घरातले किडे मरतील, हा त्याचा हिशेब. मग सगळे खोकत, डोळे चोळत पिझ्झाचे खोके दुमडत बसतात.

याच घरात एक चमत्कारिक गोष्ट आहे. संडास उंच ओट्यावर आहे, आणि दोन-तीन पायऱ्या चढून, मान वाकवून तिथे बसावं लागतं. हे काही कलादिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेलं नाही. घर जमिनीखाली आणि मलवाहिनी त्याच्या वर, अशी स्थिती असल्यामुळे भांडं उंचावर बसवलं नाही तर मैला उलटा घरात यायचा. त्यामुळे घरातली सर्वांत उंच जागा ही संडासाची. वरच्या कुणाचा तरी पासवर्ड बदलल्यामुळे फुकटचं वायफाय गेलेलं असतं, तेव्हा की-वू आणि की-जंग ही भावंडं फोन हातात धरून घरभर हिंडतात. शेजारच्या कॅफेचं नेट त्यांना सापडतं ते याच ओट्यावर. चित्रपट सुरू होऊन पाच मिनिटंही झालेली नसतात आणि या माणसांना जगाशी जोडणारी तार कुठून येते ते आपल्याला कळून चुकतं, कुणी एक वाक्यही न उच्चारता.

बांजिहा जन्माला आली ती लष्करी भीतीतून. 1968 मध्ये उत्तर कोरियाच्या कमांडोंनी सोलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर चाल केली होती. त्यानंतरच्या तणावाच्या काळात, 1970 साली बांधकामाचे नियम बदलले आणि नव्या लहान इमारतींखाली तळघर काढणं बंधनकारक झालं. युद्ध पेटलंच तर आसरा असावा म्हणून. तिथे भाडेकरू ठेवायला सुरुवातीला मनाई होती. पण सोलकडे माणसांचा लोंढा वाहत होता, घरं पुरत नव्हती आणि घरमालकांच्या हाताशी रिकामी तळघरं होती. पोटभाडेकरू आधी गुपचूप राहू लागले. 1980च्या दशकात सरकारने नियम सैल केले आणि आसऱ्याची जागा राहण्याची झाली. 2020च्या सुमारास एकट्या सोलमध्ये अशा घरांत राहणाऱ्या कुटुंबांची संख्या दोन लाखांच्या घरात होती.

हा इतिहास चित्रपटात कुणी सांगत नाही. पण तो लक्षात ठेवला, तर पार्कच्या घराखाली जे निघतं त्याला दुहेरी धार येते.

की-वू पहिल्यांदा पार्कच्या घरी जातो ती वाट नीट पाहण्यासारखी आहे. चढाचा शांत रस्ता, उंच भिंत, फाटकावरची घंटा. फाटकातून आत शिरल्यावर घर दिसत नाही, दिसतात त्या वर जाणाऱ्या पायऱ्या. तो चढत जातो तसं ऊन त्याच्या डोक्यावर येतं आणि शेवटच्या पायरीवर हिरवळ एकदम उलगडते. या उन्हाची तजवीज आधीपासून केलेली होती. सेटची जागा निवडताना आणि खिडक्यांची दिशा ठरवताना सूर्य कोणत्या वेळी कुठे असेल, हे पाहूनच मांडणी झाली. छायालेखक हाँग क्युंग-प्यो यांना दिवाणखान्यात खरं ऊन हवं होतं. किमच्या घरात मात्र ऊन दिवसातून जेमतेम काही वेळ तिरकं डोकावतं. बाकी हिरवट ट्यूबलाइट.

दिवाणखान्यात टीव्ही नाही. त्याच्या जागी भिंतभर काच आहे आणि पलीकडे बाग. ही काच चित्रपटाच्या पडद्याइतक्याच लांबट प्रमाणात बेतलेली आहे, म्हणजे पार्क मंडळी सोफ्यावर बसून जे बघतात तो त्यांचा खासगी सिनेमाच. किमच्या घरातली खिडकीही अशीच आडवी आहे. एकीकडे हिरवळ, दुसरीकडे दारुडा. दोन कुटुंबांतला फरक दाखवायला दागिने, गाड्या, जेवणावळी यांपेक्षा ही एक जोडी जास्त कामी येते, आणि ती इतकी सहज बसवलेली आहे की पहिल्या वेळी बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

आता स्वयंपाकघर. चकचकीत उजळलेल्या काचेच्या कपाटांच्या मधोमध एक दार आहे, किंवा दाराच्या आकाराचा काळोख म्हणू. त्यातून पायऱ्या खाली कोठीघरात जातात. चित्रपटाच्या पहिल्या तासात हा काळा आयत कितीतरी वेळा मागे दिसत राहतो. कुणी त्याच्यासमोर उभं राहून फळं कापतं, कुणी ट्रे घेऊन आत जातं. घरातल्या मालकीणबाईंचं, योन-ग्योचं, त्या पायऱ्यांकडे लक्षही जात नाही. खाली काही आणायचं असेल तर ते मोलकरणीचं काम. बाँग यांना घर असं का हवं होतं, त्याचं उत्तर इथे मिळतं. पार्क लोक बागेत, हॉलमध्ये आणि वरच्या मजल्यावर वावरतात, कोठीघराकडे त्यांचे पाय वळतच नाहीत. स्वतःच्या मालकीच्या घराचा एक भाग त्यांना माहीत नाही आणि त्याची त्यांना कधी गरजही पडलेली नाही.

ती रात्र पावसाची. पार्क कुटुंब सहलीला गेलंय, किम मंडळी त्यांच्याच दिवाणखान्यात त्यांचीच दारू पीत पसरलीयत. घंटा वाजते. दारात मून-ग्वांग, जिला डावपेच लढवून हाकलून दिलं ती जुनी मोलकरीण. कोठीघरात काहीतरी राहिलंय म्हणते आणि थेट त्या काळ्या दारातून खाली पळते. पाठोपाठ गेलेल्या चुंग-सूकला जे दिसतं ते विचित्र आहे: बाटल्या-बरण्यांनी भरलेलं कपाट भिंतीपासून सरकावण्यासाठी मून-ग्वांग पाय भिंतीला टेकवून हवेत आडवी झालीय आणि जीव खाऊन रेटतेय. कपाट हलतं. मागे एक दार, दारामागे आणखी पायऱ्या, लांबलचक, काँक्रीटच्या, वळणं घेत खाली जाणाऱ्या. त्यांच्या तळाशी एक खोली आणि खोलीत तिचा नवरा गुन-से. सावकारांना चुकवत चार वर्षांहून जास्त काळ तो तिथे राहतोय.

हे भुयार वास्तुविशारदाने बांधलं होतं ते उत्तरेकडून हल्ला झाला किंवा देणेकरी दारात आले तर लपायला. त्याला त्याची लाज वाटायची, म्हणून घर विकताना त्याने पार्कना सांगितलंच नाही, असं मून-ग्वांग म्हणते. म्हणजे गरिबाच्या बांजिहाचं आणि श्रीमंताच्या भुयाराचं मूळ एकच, युद्धाची धास्ती. फरक एवढाच की एकाला तळघर हे घर म्हणून भाड्याने घ्यावं लागलं आणि दुसऱ्याला ते असल्याचा पत्ताच नव्हता.

इथून चित्रपटाची सगळी मांडणी बदलते. तोवर वाटत होतं की घरं दोन आहेत, वर आणि खाली. आता तिसरी पातळी निघते, आणि अर्ध्या तळघरात राहणारे किम अचानक वरचे ठरतात. मून-ग्वांग हात जोडते, आपणही गरीबच की, म्हणते, चुंग-सूकला ताई म्हणून हाक मारते. चुंग-सूक ते नातं झिडकारते आणि पोलिसांना बोलावण्याची धमकी देते. थोड्याच वेळात बाकीचे तिघे किम जिन्यावर चोरून ऐकताना पाय घसरून एकमेकांवर कोसळतात, बिंग फुटतं आणि पारडं फिरतं. पुढे मारामारी होते ती या दोन कुटुंबांत. वरच्या मजल्याशी कुणाचंच भांडण नसतं. गुन-से तर भुयारात पार्कसाहेबांचा फोटो लावून त्यांना रोज सलाम ठोकतो. पार्कसाहेब संध्याकाळी गाडी लावून जिना चढू लागले की पायऱ्यांवरचे दिवे एकेक करून लागतात. साहेबांना वाटतं ते सेन्सर. खाली गुन-से बटणांवर कपाळ आपटत असतो. वरच्याच्या पायाखाली उजेड पडावा म्हणून खालच्याने डोकं फोडायचं, ही कल्पना भाषणात आली असती तर भडक वाटली असती. दिग्दर्शकाने तिला दिव्याच्या बटणात बसवल्यामुळे आधी हसू येतं आणि मग पोटात कालवतं.

पार्क मंडळी पावसामुळे सहल अर्धवट टाकून परततात. फोन येतो तेव्हा ती आठ मिनिटांवर असतात. चुंग-सूक नूडल्सवर महागडं गोमांस घालून ताट तयार करते आणि त्याच घाईत वर येऊ पाहणाऱ्या मून-ग्वांगला लाथ मारून पायऱ्यांवरून खाली ढकलते. रात्र वाढते. पार्कांचा धाकटा मुलगा दा-सोंग बागेत तंबू ठोकून झोपतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला नवरा-बायको सोफ्यावर पडतात, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, टेबलाखाली, की-टेक आणि दोन्ही मुलं श्वास रोखून निजलेली असतात. त्या मोठ्या घरातल्या सगळ्या उंच-सखल पातळ्या इथे टेबलाच्या उंचीत मावतात. पार्कसाहेब ड्रायव्हरच्या अंगाला येणाऱ्या वासाविषयी बोलतात, भुयारी रेल्वेत येतो तसा वास. की-टेक ते खालून ऐकतो. तो वास साबण बदलून जाणारा नाही, तो बांजिहातल्या ओलीचा आहे, हे त्याच्या मुलीने आधीच ओळखलेलं असतं. घरातली भिंत ओलांडून दुसऱ्याच्या घरात शिरता येतं, पण आपलं घर अंगाला चिकटून येतं ते असं.

यानंतरचा भाग सोलच्या रस्त्यांवर घडतो. बाप आणि दोन मुलं भर पावसात त्या घरातून निसटतात आणि उतरू लागतात. बागेच्या पायऱ्या, फाटक, उताराचा रस्ता, बोगदा, बोगद्याशेजारचा जिना, मग आणखी जिने, अरुंद, तारांच्या जाळ्याखालचे. बोगद्याशेजारचा जिना जाहामुन बोगद्याचा, दुसरा आह्योन-दोंगचा. शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या जागा जोडून ही एकच वाट केलीय. तिघं एकदाही चढत नाहीत. वरून त्यांच्यासोबत पाणीही उतरतंय. मधेच एका जिन्यावर की-वू थांबतो आणि आपल्या पावलांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत राहतो. कुठे जाणार हे पाणी? त्याच्याच घरी.

गल्ली कमरेपर्यंत भरलेली असते. ही अख्खी गल्ली गोयांग इथल्या स्टुडिओत पाण्याच्या भल्यामोठ्या हौदात बांधली होती आणि नंतर खरोखर बुडवली. की-टेक छातीइतक्या पाण्यातून सामान शोधतो. उंच ओट्यावरचं संडास काळं पाणी उसळवू लागतं. की-जंग झाकण लावून त्यावर बसते, छताच्या फटीत लपवलेली सिगरेट काढून पेटवते. घरातली सर्वांत उंच, कोरडी राहायला हवी अशी जागा तीच, आणि घाण पहिल्यांदा वर येते तीही तिथूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी की-टेक गाडी चालवतोय, रात्र त्याने शाळेच्या व्यायामशाळेत पूरग्रस्तांसोबत जमिनीवर काढलीय. मागच्या सीटवर योन-ग्यो मैत्रिणीशी फोनवर बोलतेय. पावसाने हवेतली धूळ धुऊन निघाली, आकाश कसं निळंभोर झालंय, बागेत पार्टी करू या. बोलता बोलता ती नाकाला हात लावून खिडकी उघडते. बाई वाईट नाही. उताराच्या टोकाला काय झालं याची तिला कल्पना येण्याचा रस्ताच तिच्या दिनक्रमात नाही.

जिन्यांवर इतकं वजन टाकणारा हा पहिला चित्रपट नव्हे, आणि बाँग ते लपवतही नाहीत. किम की-यंग यांच्या 1960 सालच्या ‘द हाउसमेड’मध्ये मध्यमवर्गीय कुटुंब नव्या दुमजली घरात जातं आणि मोलकरणीमुळे उद्ध्वस्त होतं. तिथली बहुतेक संकटं जिन्यावरच घडतात. अकिरा कुरोसावा यांच्या 1963च्या ‘हाय अँड लो’मध्ये टेकडीवरचा बंगला खालच्या उकाड्यातल्या वस्तीतून सतत दिसत असतो, आणि तोच गुन्हेगाराच्या डोक्यात जातो. ‘पॅरासाइट’मध्ये मात्र किमच्या खिडकीतून पार्कचं घर दिसण्याचा प्रश्नच नाही. त्यांना रागवायला समोर काही नाही. मत्सराची जागा इथे नोकरीच्या चिठ्ठीने आणि ओळखीने घेतली आहे, आणि माझ्या मते हा चित्रपट कुरोसावांपेक्षा जास्त बोचतो तो त्यामुळे. स्वतः बाँग यांनी 2013च्या ‘स्नोपिअर्सर’मध्ये वर्गरचना आगगाडीत आडवी मांडली होती, मागचा डबा गरिबांचा, इंजिन मालकाचं. तिथले लोक पुढे धाव घेऊन बंड करू शकत होते. उभ्या मांडणीत ती सोय उरत नाही.

याची एक बाजू खटकतेही. वर-खालची ही खूण इतक्यांदा वापरलीय की काही ठिकाणी ती आधीच कळते. की-वूला मित्राकडून शोभेचा दगड भेट मिळतो, तेव्हा ‘हे फार प्रतीकात्मक आहे’ असं तो स्वतःच म्हणतो. दिग्दर्शकाने आपली टीका आपणच आधी करून घेतली, हे चलाखीचं खरं, पण त्याने प्रत्येक जिना हलका होत नाही. दुसरं म्हणजे, बांजिहात राहणारा प्रत्येक जण पाण्यात आणि झुरळांत राहत नाही. कमी भाड्यात शहराच्या मध्यावर जागा मिळते म्हणून तिथे राहणारे विद्यार्थी आणि नोकरदारही पुष्कळ आहेत, आणि चित्रपटानंतर आपल्या घराकडे सगळे कीव करून पाहू लागले, अशी त्यांच्यापैकी काहींची तक्रार होती.

तरी पुराचं दृश्य अतिशयोक्तीचं नव्हतं, हे ऑगस्ट 2022 मध्ये दिसलं. 8 तारखेच्या रात्री सोलच्या दक्षिण भागात काही ठिकाणी एका तासात 140 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. सिल्लिम-दोंग भागातल्या एका बांजिहात पाणी भरलं, दाबामुळे दार उघडेना, आणि एकाच कुटुंबातल्या तिघी दगावल्या. त्यानंतर सोल महापालिकेने नव्या बांजिहांना परवानगी न देण्याचं आणि जुन्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. पण राहणाऱ्यांनी त्याच भाड्यात कुठे जायचं, हा प्रश्न लगेच पुढे आला. बदल संथपणे चालू आहे. चित्रपटातला की-वूही शेवटी तेच गणित मांडतो: खूप पैसा कमावून ते घर विकत घ्यायचं, मग भुयारात अडकलेल्या वडिलांनी फक्त पायऱ्या चढून वर यायचं. त्याच्या पगारात त्या घराची किंमत जमायला किती काळ लागेल, हे बाँग यांनी हिशेब करून सांगितलं होतं. पाचशे वर्षांहून जास्त.

ऑस्करनंतर सोलच्या पर्यटन विभागाने चित्रपटातल्या जागा दाखवणारा फेरफटका सुचवला. आह्योन-दोंगचा जिना, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, नोर्यांगजिनचं पिझ्झाचं दुकान. पर्यटक जिन्यावर उभे राहून फोटो काढू लागले. तिथल्या रहिवाशांपैकी काहींनी हरकत घेतली, आमची गरिबी हे प्रेक्षणीय स्थळ आहे का, असं विचारलं. पार्कच्या घराबाबत अशी तक्रार येण्याचा संभव नव्हता. चित्रीकरण संपल्यावर जेओनजूतला तो सेट पाडून टाकला होता.